सॅलरी स्लिप मागितली आणि जुना पगार कमी आहे: काय सांगायचं, काय पाठवायचं आणि कधी

मुलाखतीच्या सगळ्या फेऱ्या नीट पार पडतात आणि मग एचआरचा मेल येतो: गेल्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप आणि शेवटचं इन्क्रिमेंट लेटर पाठवा. ज्याचा पगार बाजारापेक्षा कमी आहे, त्याच्या पोटात इथे गोळा येतो. कुणी आधी फोनवर आकडा फुगवून सांगितलेला असतो, तो आता फोनच उचलत नाही. कुणी पीडीएफमधले आकडे बदलतो. बाकीचे एक शब्दही न लिहिता स्लिपा जोडून पाठवतात आणि येईल ती ऑफर घेतात. शेवटची चूक सगळ्यात जास्त होते आणि तिच्यामुळे दरवर्षी लाखालाखाचं नुकसान होतं, म्हणून हा लेख मुख्यतः तिच्याबद्दल आहे.

मी पुण्यात दहा वर्षं आयटी कंपन्यांसाठी भरतीचं काम केलं. खाली जो क्रम दिला आहे तो खाजगी नोकरीसाठी आहे. सरकारी किंवा महामंडळाच्या नोकरीत वेतनश्रेणी ठरलेली असते, तिथे यातलं फारसं लागू होत नाही.

## आधी हे समजून घ्या: स्लिपेचं पुढे काय होतं

तुमची स्लिप एचआरच्या हातात पडली की ती ऑफर मंजुरीच्या एका तक्त्यात भरली जाते. त्यात सध्याचा सीटीसी, अपेक्षित सीटीसी, द्यायचा सीटीसी आणि वाढीची टक्केवारी असे रकाने असतात, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. बऱ्याच कंपन्यांत वाढ २५-३० टक्क्यांच्या आत असेल तर एचआर स्वतःच ऑफर काढू शकते. त्याच्या वर गेलं की वरच्या माणसाची सही लागते, आणि तो माणूस फक्त शेऱ्याचा रकाना वाचतो. तिथे काही लिहिलेलं नसेल तर तो विचारतो, "एवढी वाढ कशासाठी?" एचआरला उत्तर देता येत नाही आणि ऑफर ३० टक्क्यांवर येऊन थांबते.

म्हणजे आकडा लपवण्यात तुमचं हित नाही, तो लपतही नाही. तुमचं काम एवढंच, की शेऱ्याच्या रकान्यात लिहायची ओळ एचआरला तयार करून द्यायची, आणि ती स्लिपेच्या आधी किंवा स्लिपेबरोबर पोचवायची. पुढचे सगळे टप्पे यासाठीच आहेत.

## टप्पा १: मुलाखतींच्या आधी कागद जमवा आणि ताडून बघा

हे काम अर्ज करायला लागण्याआधीच करा. मेल आल्यावर घाईत केलं की चुका राहतात.

जमवायचे कागद: नेमणूकपत्र, शेवटचं इन्क्रिमेंट लेटर, गेल्या तीन महिन्यांच्या स्लिपा, ज्या महिन्यात बोनस मिळाला त्या महिन्याची स्लिप, फॉर्म १६ आणि पीएफचं पासबुक. बोनसवाली स्लिप लोक हमखास विसरतात. बोनस दिवाळीला मिळालेला असतो, आणि मार्च-एप्रिलमध्ये नोकरी बदलताना शेवटच्या तीन स्लिपांत तो कुठेच दिसत नाही.

आता ताडून बघा. पद आणि रुजू झाल्याची तारीख सगळ्या कागदांवर एकच आहे का? ईपीएफओच्या मेंबर पोर्टलवर View मध्ये Service History उघडा. आधीच्या कंपन्यांच्या तारखा तुमच्या बायोडेटाशी जुळतात का? जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख भरलेली नसेल तर शेवटचं पीएफ जमा झाल्यापासून दोन महिन्यांनी Manage मध्ये Mark Exit वापरून ती तुम्हाला स्वतः भरता येते. पगाराशी याचा थेट संबंध नाही. पण तारखांत गोंधळ दिसला की तुमचा आकडाही संशयाने पाहिला जातो.

पगार कमी असेल तर फॉर्म १६ मिळालेलाच नसतो, असं पुष्कळदा होतं. पगारातून टीडीएस कापला गेला नसेल तर मालकावर तो देण्याची सक्ती नाही. अशा वेळी "माझ्याकडे फॉर्म १६ नाही" एवढंच सांगून गप्प बसू नका. कर लागत नसल्याने तो निघाला नाही असं स्पष्ट लिहा आणि त्याऐवजी कंपनीच्या लेटरहेडवर वर्षभराच्या पगाराचं पत्र मागून घ्या.

स्लिपच मिळत नाही, पगार फक्त बँकेत येतो, अशी लहान कंपन्यांत आणि दुकानांत सर्रास स्थिती आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत वेतनपावती देणं मालकाला बंधनकारक आहे, तेव्हा मागायला संकोच करू नका. तरीही मिळाली नाही तर नेमणूकपत्र आणि बँकेतल्या पगाराच्या नोंदी हा जोड बहुतेक ठिकाणी चालतो. काही रक्कम रोखीत मिळत असेल आणि मालक ती लिहून द्यायला तयार नसेल, तर ती आपल्या आकड्यात धरू नका. पुराव्याशिवायचा आकडा नंतर तुमच्याच अंगावर येतो.

## टप्पा २: तुमचा खरा आकडा काढा

कमी पगार असलेली माणसं खोटं बोलण्यापेक्षा स्वतःचा आकडा कमी सांगून जास्त नुकसान करून घेतात. एक उदाहरण शेवटपर्यंत घेऊन जाऊ या.

माझ्या ओळखीतली एक मुलगी, मूळची सांगलीची, पुण्यात अठरा माणसांच्या सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होती. चार वर्षं झाली होती. पगार किती विचारलं की ती म्हणायची, "तीस हजार." तिची स्लिप मी पाहिली. बेसिक १५,०००, घरभाडे भत्ता ६,०००, विशेष भत्ता ११,४७९, एकूण ३२,४७९. त्यातून तिच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० कापून हातात ३०,४७९ पडत होते.

आता इन्क्रिमेंट लेटर. त्यात सीटीसी ४,२०,००० लिहिलेला, म्हणजे महिन्याला ३५,०००. स्लिपेतल्या ३२,४७९ मध्ये कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि ग्रॅच्युइटीची तरतूद ७२१ मिळवली की बरोबर ३५,००० होतात. शिवाय दिवाळीला २५,००० बोनस, तो सीटीसीत धरलेला नव्हता. म्हणजे कंपनी तिच्यावर वर्षाला ४,४५,००० खर्च करत होती आणि ती सांगत होती तीस हजार. ऐकणारा त्याला बाराने गुणतो आणि तक्त्यात ३,६०,००० भरतो. ८५ हजारांचा फरक इथेच पडला, एक शब्दही खोटा न बोलता. तीस टक्के वाढ धरली तर एका आकड्यावर ४,६८,००० होतात आणि दुसऱ्यावर ५,७८,५००.

तुम्हीही कागदावर असेच तीन आकडे लिहून काढा: हातात पडणारा, सीटीसी, आणि सीटीसीबाहेर वर्षात जे मिळतं ते. कुणी विचारलं की उत्तर नेहमी दुसऱ्या आणि तिसऱ्याचं द्यायचं, आणि वेगवेगळं करून: "सीटीसी ४ लाख २० हजार, त्याबाहेर बोनस २५ हजार." दोन्हींची बेरीज करून "सीटीसी ४ लाख ४५ हजार" म्हणू नका. लेटरवर तो आकडा नाही, आणि पडताळणीत तेवढंच बोट ठेवायला पुरतं.

तपासा: तुमच्या स्लिपेतली एकूण रक्कम, कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळवून लेटरवरचा सीटीसी जुळतो का? जुळत नसेल तर उरलेला भाग बहुधा व्हेरिएबल किंवा विम्याचा हप्ता असतो. तो कोणता आहे ते आत्ताच शोधा, कारण एचआर तेच विचारणार आहे.

## टप्पा ३: पदाचा आकडा आणि कारणाची ओळ तयार करा

पदाचा बाजारभाव इंटरनेटवरच्या सरासरीवरून काढू नका. त्या सरासरीत मोठ्या आणि लहान कंपन्या, पुणे आणि बंगळुरू, सगळं एकत्र असतं. तेच काम, तेवढ्याच अनुभवाने, त्याच शहरात करणाऱ्या तीन-चार जणांना विचारा. "तुझा पगार किती" असं विचारलं तर लोक अवघडतात. "या कामासाठी मी साडेसात मागितले तर जास्त होतील का?" असं विचारा, लगेच खरं बोलतात. त्या मुलीने चार जणांना असं विचारलं आणि तिला साडेसात ते आठ लाख हा पट्टा मिळाला.

आता कारणाची ओळ. कमी पगाराचं कारण कामाबद्दलचं हवं, तपासता येणारं हवं आणि त्यात तक्रार नको. लहान कंपनी, लहान गाव, ट्रेनी म्हणून लागून बाँडमध्ये गेलेली वर्षं, क्षेत्र बदलताना खालून केलेली सुरुवात, बाळंतपणानंतर कमी पगारावर घेतलेली पुन्हा सुरुवात, संस्थेतली किंवा ट्रस्टची नोकरी, ही सगळी चालणारी कारणं आहेत. "मालक फार चिकट आहे", "आमच्याकडे राजकारण चालतं", "घरची परिस्थिती तशी होती" ही चालत नाहीत. खोटी आहेत म्हणून नव्हे. ती शेऱ्याच्या रकान्यात लिहिता येत नाहीत, म्हणून.

कारणाच्या मागोमाग दुसरं अर्धं वाक्य हवंच: आता मी काय करतो. नुसतं "कंपनी लहान होती" म्हटलं तर ऐकणारा म्हणतो, मग तुम्हीही लहानच. तिची ओळ अशी झाली:

"अठरा माणसांच्या कंपनीत मॅन्युअल टेस्टर म्हणून सुरुवात केली. गेली दोन वर्षं ऑटोमेशनचं सगळं काम मी एकटी बघते, पण पगाराची श्रेणी सुरुवातीचीच राहिली."

दोन वाक्यं. यापेक्षा लांब करू नका. लांबलं की ते समर्थन वाटायला लागतं. ही ओळ पाठ करा, आणि फोनवर, फॉर्मवर, मेलमध्ये सगळीकडे तीच वापरा. वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळं कारण सांगितलं की एचआर आणि कन्सल्टंट आपापसात बोलतात तेव्हा ते उघडं पडतं.

## टप्पा ४: पहिल्या फोनवर, क्रम न चुकवता

पहिला फोन बहुतेक वेळा कन्सल्टंटचा किंवा भरती टीममधल्या नव्या मुलाचा असतो. त्याच्यासमोर तीन रकाने असतात: करंट सीटीसी, एक्स्पेक्टेड सीटीसी, नोटीस पिरियड. तो पहिल्यापासून सुरुवात करतो. तुम्ही दुसऱ्यापासून करायची.

"तुमचा करंट सीटीसी किती?"

"या पदासाठी मी साडेसात ते आठ लाखांच्या अपेक्षेने बोलतेय. तुमचं बजेट त्यात बसतं का, तेवढं आधी सांगाल का?"

पुष्कळदा इथेच बजेट कळतं. "हो, आठपर्यंत आहे" असं उत्तर आलं तर फार मोठी गोष्ट हाती लागली. ती तारखेसकट लिहून ठेवा, सहाव्या टप्प्यात लागेल. बजेट पाच लाख असेल तर तुमचा आणि त्यांचा दोघांचाही वेळ वाचला.

त्याने पुन्हा विचारलं तर मात्र टाळू नका. "आकडा सांगणार नाही" असं म्हणायचा तुम्हाला अधिकार आहे, पण भारतात पगाराचा इतिहास विचारायला कायद्याने बंदी नाही आणि रकाना रिकामा असला की बहुतेक ठिकाणी अर्ज पुढे सरकत नाही. हातात दुसरी ऑफर असेल किंवा तुमच्या कामाची माणसं मिळत नसतील तर नकारावर ठाम राहा. नाही तर एकदा बजेट विचारायचं आणि दुसऱ्या वेळी खरा आकडा सांगायचा, कारणाच्या ओळीसकट, एका दमात:

"सीटीसी ४ लाख २० हजार, त्याबाहेर बोनस २५ हजार. अठरा माणसांच्या कंपनीत मॅन्युअल टेस्टर म्हणून सुरुवात केली. गेली दोन वर्षं ऑटोमेशन मी एकटी बघते, पण श्रेणी सुरुवातीचीच राहिली. म्हणून आकडा सध्याच्या पगारावर टक्के लावून न ठरवता कामावर ठरवावा, अशी माझी विनंती आहे."

आणि थांबा. समोरचा दोन-चार सेकंद काही बोलत नाही, कारण तो टाइप करत असतो. ती शांतता सहन न होऊन लोक "पण थोडं कमी-जास्त चालेल" असं म्हणून टाकतात. मी ते वाक्य शेकडो वेळा ऐकलंय, आणि प्रत्येक वेळी अपेक्षेच्या रकान्यात खालचा आकडा भरलाय.

ऑनलाइन फॉर्मसाठी सूचना: सध्याच्या सीटीसीचा रकाना सक्तीचा असेल तर ० किंवा १ भरू नका. काही ठिकाणी असे अर्ज चाळणीत आपोआप गळतात. आणि अपेक्षित पगार या रकान्यात भरू नका, कारण सध्याचा पगार म्हणून ते तुमचं लेखी निवेदन होतं. खरा सीटीसी भरा आणि शेऱ्याची किंवा कव्हर लेटरची जागा असेल तिथे कारणाची ओळ टाका.

## आधीच आकडा फुगवून सांगितला असेल तर

हा टप्पा नाही, दुरुस्ती आहे. पण इतक्या जणांना लागते की मध्येच थांबून सांगते.

स्लिपा पाठवायच्या आधी स्वतःहून सांगा, लेखी: "पहिल्या फोनवर मी सध्याचा सीटीसी ६ लाख सांगितला होता, तो बरोबर नव्हता. लेटरप्रमाणे तो ४ लाख २० हजार आहे. चुकीची माहिती दिल्याबद्दल दिलगीर आहे. अपेक्षा मात्र पदाच्या कामावर आधारलेली असल्याने तीच आहे." काही कंपन्या इथे दार लावतील, ते धरून चाला. पण मी स्वतः असे मेल आलेले उमेदवार घेतलेले आहेत. स्लिपेवरून फरक कळलेला एकही उमेदवार मला पुढे नेता आला नाही.

पीडीएफ बदलण्याचा विचार मनात येत असेल तर तो कसा पकडला जातो ते बघा. पडताळणी करणारी एजन्सी जुन्या कंपनीच्या एचआरला मेल करून शेवटचा पगार आणि पद विचारते. फॉर्म १६ आणि प्राप्तिकराच्या २६एएसमध्ये वर्षभराचा पगार दिसतो. पीएफ पासबुकात पीएफसाठी धरलेलं वेतन महिन्यागणिक असतं. बँकेत जमा झालेली रक्कम स्लिपेतल्या निव्वळ रकमेशी रुपयापर्यंत जुळावी लागते. यातलं एक जुळलं नाही तरी पुरतं. ही पडताळणी बऱ्याचदा रुजू झाल्यानंतर पुरी होते, म्हणजे जुनी नोकरी सुटलेली असते आणि नवीही जाते. शिवाय बनावट कागद खरा म्हणून वापरणं हा भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हा आहे. कमी पगाराला कारण देता येतं. बनावट स्लिपेला कोणतंच कारण देता येत नाही.

## टप्पा ५: स्लिपा पाठवणं

कधी पाठवायच्या? शेवटची फेरी होऊन "आम्ही तुम्हाला घ्यायचं ठरवलंय" असं कळल्यावर, त्याआधी नाही. पहिल्या फोननंतर कन्सल्टंटने मागितल्या तर म्हणा, "आकडा मी सांगितलाच आहे. निवड झाल्यावर सगळे कागद लगेच पाठवते." ऑफर लेटर हातात आल्यावरच पाठवेन असा आग्रह मात्र मध्यम आणि मोठ्या कंपन्यांत टिकत नाही, कारण तक्ता भरल्याशिवाय त्यांची ऑफर निघतच नाही.

नुसती जोडपत्रं पाठवू नका. मेल इंग्रजीत लिहाल, पण क्रम हाच ठेवा:

"आपण मागितल्याप्रमाणे तीन महिन्यांच्या स्लिपा, इन्क्रिमेंट लेटर आणि बोनस मिळालेल्या महिन्याची स्लिप जोडली आहे. फोनवर सांगितल्याप्रमाणे सीटीसी ४,२०,००० असून त्याबाहेर २५,००० बोनस आहे. लहान कंपनीत मॅन्युअल टेस्टर म्हणून सुरुवात झाली; गेली दोन वर्षं ऑटोमेशनची पूर्ण जबाबदारी माझ्याकडे आहे, पण श्रेणी सुरुवातीचीच राहिली. आपल्या पदाचं काम ऑटोमेशनचंच असल्याने माझी अपेक्षा ७,८०,००० आहे."

हा परिच्छेद एचआर जसाच्या तसा शेऱ्यात चिकटवू शकते. तुमची ओळ वरपर्यंत पोचते ती अशी.

काय झाकायचं? बँक खात्याचा क्रमांक, पॅन, यूएएन, आधार हे सगळं ऑफरच्या आधी झाकता येतं, आणि "वैयक्तिक क्रमांक झाकले आहेत, रुजू होताना मूळ प्रती देईन" असं मेलमध्ये लिहायचं. रकमा मात्र झाकू नका. न सांगता झाकलेली रक्कम फेरफारासारखी दिसते. बँक स्टेटमेंट मागितलं तर आधी विचारा की स्लिपा आणि लेटर पुरतील का. नाहीच म्हणाले तर पगार जमा झाल्याच्या नोंदी तेवढ्या उघड्या ठेवून बाकीच्या झाका, आणि तसं सांगा.

सावध: मुलाखतच झालेली नाही आणि व्हॉट्सअॅपवरून स्लिपा, आधार, पॅन मागतायत, वर "रजिस्ट्रेशन"चे पैसे मागतायत, तर ती नोकरी नाही. काहीही पाठवू नका.

## टप्पा ६: ऑफर जुन्या पगारावर टक्के लावून आली तर

त्या मुलीला फोन आला, "५ लाख ८० हजार. तीस टक्के हाइक आहे, आमचं धोरणच तसं आहे." हिशोब उघड होता: ४,४५,००० वर तीस टक्के.

इथे दोन चुका होतात. एक म्हणजे टक्क्यांत वाद घालणं. ७,८०,००० म्हणजे ७५ टक्के वाढ, आणि "मला ७५ टक्के द्या" हे वाक्य कुणाच्याही कानाला जास्तच लागतं. बोलायचं ते लाखांत आणि पदाबद्दल. दुसरी चूक म्हणजे फोनवरच हो किंवा नाही म्हणणं. "ऑफरबद्दल आभार, उद्या दुपारपर्यंत मेल करते" एवढं बोलून फोन ठेवा.

तिने दुसऱ्या दिवशी लिहिलं की पहिल्या फोनवर या पदाचं बजेट आठ लाखांपर्यंत असल्याचं तिला सांगितलं होतं. निवड त्याच कामासाठी झाली आहे. ७ लाख ४० हजारांवर ती लगेच होकार देईल. टीममधल्या ज्या लीडने तिची मुलाखत घेतली होती त्याच्याशीही ती बोलली, एचआरला कल्पना देऊन. हे महत्त्वाचं आहे. पगाराची मर्यादा एचआर सांभाळते, पण माणूस हवा असतो लीडला, आणि वरच्या सहीसाठी तोच धावपळ करतो.

उत्तर आलं: ७ लाख फिक्स्ड, आणि सहा महिन्यांनी पगाराचा आढावा. तिने घेतलं. साडेसातचा आकडा मिळाला नाही, पण ५,८०,००० च्या जागी ७,००,००० मिळाले, आणि पुढच्या नोकरीत विचारला जाणारा आकडा हा असेल.

आकडा अडला की काय मागायचं त्यात मी आढाव्याला जॉइनिंग बोनसच्या वर ठेवते. बोनस एकदाच मिळतो, आणि वर्षाच्या आत सोडलं तर परत द्यावा लागतो असं कलम बहुतेक वेळा असतं. आढावा मात्र ऑफर लेटरमध्ये महिन्यासकट लिहून घ्या. तोंडी कबूल केलेला आढावा होत नाही, कारण सहा महिन्यांनी ती एचआर तिथे नसते.

सही करण्याआधी तपासा: सात लाखांतले फिक्स्ड किती, व्हेरिएबल किती? सात लाखांत एक लाख व्हेरिएबल असेल तर तुमची तुलना सहाशी करायची. कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी आत धरली आहे का ते बघा आणि दुसऱ्या टप्प्यासारखा हातात पडणारा आकडा काढा. लेखी ऑफर येईपर्यंत जुन्या ठिकाणी राजीनामा देऊ नका.

## परदेशात अर्ज करत असाल तर

नियम जागेप्रमाणे बदलतात. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०१८ पासून आणि न्यूयॉर्क राज्यात जानेवारी २०२० पासून मालकाला उमेदवाराचा जुना पगार विचारता येत नाही. युरोपीय संघाच्या २०२३ च्या वेतन-पारदर्शकता निर्देशातही हीच बंदी आहे. सदस्य देशांना ती आपापल्या कायद्यात आणण्यासाठी जून २०२६ ची मुदत दिली होती. आपल्याकडची माणसं तिथे सवयीने स्वतःहून आकडा सांगून मोकळी होतात. कॅलिफोर्नियात कुणी न विचारता तुम्हीच सांगितलात, तर पगार ठरवताना मालक तो विचारात घेऊ शकतो. तिथे पुण्यातली स्लिप काढूच नका. पगाराचा पट्टा विचारा. कॅलिफोर्नियात तो विचारल्यावर सांगणं मालकावर बंधनकारक आहे.

## टप्पा ७: रुजू झाल्यावर

पहिल्या महिन्यात पेरोलवाले त्याच आर्थिक वर्षातलं आधीच्या नोकरीचं उत्पन्न विचारतील. ते टीडीएस बरोबर कापण्यासाठी असतं, पगार ठरवण्यासाठी नाही, तेव्हा इथे बिचकू नका. माहिती न दिल्यास दोन्ही कंपन्या तुम्हाला करसवलतीचा फायदा वेगवेगळा देतात आणि विवरणपत्र भरताना एकदम कर भरावा लागू शकतो.

स्लिपा, लेटरं आणि एचआरशी झालेले सगळे मेल स्वतःच्या खाजगी ईमेलवर ठेवा. जुन्या कंपनीचं पोर्टल शेवटच्या दिवशी संध्याकाळी बंद होतं आणि मग एक स्लिप मिळवायला आठवडे जातात. सहा महिन्यांच्या आढाव्याची तारीख आजच कॅलेंडरमध्ये टाका, आणि तिच्या पंधरा दिवस आधी ऑफर लेटरमधल्या त्या ओळीची प्रत जोडून स्वतःहून मेल करा.